'लवकरात लवकर' म्हणजे नेमकं कधी?

शाईचा_डाग: ऑफिसात कोणाकडून काही हवं असलं की मी मेलच्या शेवटी 'कृपया लवकरात लवकर पाठवावे' लिहितो आणि चार दिवस काहीच येत नाही, मग फोन केला की समोरचा म्हणतो अहो मी लवकरच बघणार होतो. याच्या जागी जास्त धारदार शब्द आहे का मराठीत? त्वरित, तातडीने, सत्वर, यापैकी कुठला चालेल?

पानगळ: तातडीने लिहा. त्वरित सरकारी वाटतं, सत्वर तर आता फक्त जुन्या पत्रांत राहिलंय. तातडीने म्हटलं की माणूस हातातलं काम बाजूला ठेवतो.

शाईचा_डाग: पहिल्यांदा ठेवतो हो. तिसऱ्या मेलला नाही ठेवत.

अर्धविराम: लवकरात लवकर सुटंच लिहायचं ना? मी 'लवकरातलवकर' असं जोडून लिहिलेलं पण पाहिलंय.

जुनी_वही: सुटंच लिहायचं, पण प्रश्न तो नाहीये :) 'चांगल्यात चांगला' तसंच 'लवकरात लवकर', म्हणजे जितकं लवकर होईल तितकं. यात अलीकडची बाजू आहे, पलीकडची नाहीच. आणि किती लवकर शक्य आहे ते ठरवणार कोण, तर वाचणारा. त्याने चार दिवसांनी पाठवलं आणि त्याला तेच शक्य होतं तर त्याने तुमचं म्हणणं अक्षरशः पाळलंय. तुम्हाला खरं सांगायचंय ते 'उशिरात उशिरा कधी', आणि तातडीने, त्वरित, सत्वर यातल्या एकानेही ते सांगून होत नाही. शब्द बदलू नका, तारीख टाका.

शाईचा_डाग: तारीख काढायची कशी पण? मनाने टाकली की लोक ओळखतात.

जुनी_वही: उलटं मोजत या. समजा अहवाल शुक्रवारी १३ जूनला दुपारी ४ वाजता छपाईला जायचाय. दुरुस्त्या घालायला तुम्हाला ३ तास लागतात, वर एकदा नजर फिरवायला १ तास धरा, म्हणजे शेरे शुक्रवारी दुपारी १२ पर्यंत हातात हवेत. ही झाली खरी शेवटची वेळ. पण काही अडलं तर विचारायला सवड हवी, म्हणून मेलमध्ये आदल्या दिवशीची संध्याकाळ मागा. असं लिहा: 'सोबतच्या अहवालातलं पान ६ ते ९ बघून आपले शेरे गुरुवार, १२ जून, संध्याकाळी ५ वाजेपर्यंत कळवाल का? शुक्रवारी दुपारी ४ ला फाइल छपाईला जाते. ही वेळ जमणार नसेल तर मंगळवारपर्यंत सांगा, मी पान ६ तेवढं आधी घेतो.' कारण दिलंय त्यामुळे ती वेळ मनाची वाटत नाही, आणि न जमणाऱ्याला तसं सांगायची वाट मिळते, नाहीतर तो गप्पच बसतो.

पानगळ: एवढं कशाला, 'शुक्रवारपर्यंत' म्हटलं की झालं की.

दोन_चमचे: नाही होत!! मी मागे 'परवापर्यंत द्या' लिहिलं होतं सोमवारी रात्री, त्यांनी मेल उघडला बुधवारी सकाळी आणि त्यांचा परवा झाला शुक्रवार. बरं आपल्याकडे परवा मागचाही असतो, पुढचाही. तेव्हापासून उद्या, परवा, येत्या आठवड्यात हे मेलमधून हद्दपार, कारण मेल कधी वाचला जाईल ते आपल्या हातात नसतं. वार आणि तारीख दोन्ही लिहायचं, एक चुकलं तर दुसऱ्यावरून लगेच कळतं.

जुनी_वही: बरोबर. आणि पानगळ, 'शुक्रवारपर्यंत' मध्ये शुक्रवार धरायचा की नाही? मी धरते, पण संध्याकाळी ६ पर्यंत की रात्री १२ पर्यंत ते त्यात नाहीच. 'शुक्रवारच्या आत' म्हटलं तर काही जण गुरुवार समजतात. रात्री १२ पण टाळा, शुक्रवारची रात्र १२ म्हणजे सुरू होणारा शुक्रवार की संपणारा यावर भांडणं झालेली पाहिलीत मी. ११:५९ लिहा किंवा सरळ संध्याकाळी ५. समोरचा दुसऱ्या देशात असेल तर ५ कुठले तेही लिहायचं.

पानगळ: 'पर्यंत' मध्ये तो दिवस येतोच, यात कसला वाद. वेळेचं मान्य.

शाईचा_डाग: साहेबांना अशी तारीख वेळ घालून लिहिलं तर हुकूम सोडल्यासारखं नाही वाटणार?

जुनी_वही: 'कळवावे' ने वाटेल. 'कळवाल का' ने नाही वाटत, माझ्या मते. खरं तर 'लवकरात लवकर' हाच जास्त मोठा हुकूम आहे, सगळं सोडून हे करा असा.

दोन_चमचे: माझ्या साहेबांना 'कळवाल का' पण आवडत नाही, 'आपल्या सोयीने' लिहा म्हणतात. मग मी 'आपल्या सोयीने, गुरुवार १२ जून, ५ च्या आधी' असं लिहिते, अजून तरी कोणी काही बोललं नाही.

अर्धविराम: सोयीने आणि ५ च्या आधी एकाच वाक्यात? हे पटत नाही बुवा.