मदत हवी आहे: मुळं बरोबर, तरी पद चुकतंय (परवा पेपर)

टांगलेला: फिबोनाचीसारखी माला आहे, प्रत्येक पद म्हणजे आधीच्या दोघांची बेरीज. कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन r² = r + 1 मांडलं, मुळं (1 ± √5)/2 आली, A आणि B काढले. पाचवं पद 19 यायला हवं, माझ्या सूत्रातून 31 येतंय. तीनदा करून झालं. कुठे चुकतोय? जरा लवकर सांगा.

वाटाणा: सुरुवातीची दोन पदं आम्ही स्वप्नात बघायची का?

टांगलेला: राहिलंच. 2 आणि 5.

कोडकिडा: सूत्राच्या नादी लागूच नकोस, सरळ लूप लिही. मी एकदा हे √5 वालं सूत्र प्रोग्रॅममध्ये घातलं होतं. लहान पदं झकास आली, शंभराव्या पदाचे शेवटचे आकडे मात्र भलतेच. डबलमध्ये जेमतेम 15-16 अंक खरे राहतात आणि तुझ्या मालेतलं शंभरावं पद 22 अंकी आहे. पूर्णांकांची बेरीज करत गेलं की ही भानगडच नाही.

वाटाणा: त्याला परवा पेपर आहे हो, लॅपटॉप नेऊ देणारेत का?

तेजीमंदी: फिबोनाची म्हटल्यावर राहवलं नाही. चार्टवर 61.8 टक्क्यांची रेघ ओढून बघा, भाव तिथेच वळतो. माझा अनुभव आहे.

निवृत्त मास्तर: टांगलेला, तुझी माला कागदावर लिही: 2, 5, 7, 12, 19, 31. तुला आलेलं 31 हे त्याच मालेतलं सहावं पद आहे. आकडेमोड चुकली असती तर उत्तर असं मालेत नेमकं बसलं नसतं. सूत्र एक घर सरकलंय, एवढंच. पहिलं समीकरण A + B = 2 असं लिहिलंस ना?

टांगलेला: हो. वर्गातल्या उदाहरणात तसंच होतं.

निवृत्त मास्तर: त्या उदाहरणातली माला शून्याव्या पदापासून सुरू झाली असणार. सूत्र G(n) = A·pⁿ + B·qⁿ, यात p मोठं मूळ आणि q ऋण मूळ. n = 0 घातलं तरच दोन्ही घात 1 होतात आणि A + B उरतं. तुझं 2 हे पहिलं पद आहे, म्हणून Ap + Bq = 2 आणि Ap² + Bq² = 5.

आता या दोन समीकरणांत √5 चे वर्ग करत बसू नकोस. दुसऱ्यातून पहिलं वजा कर. p² − p = 1 आणि q² − q = 1, कारण दोन्ही त्याच समीकरणाची मुळं आहेत. त्यामुळे A + B = 3 एका ओळीत मिळतं. मग Ap + Bq = 2 मध्ये p, q च्या किमती घातल्या की 3/2 + (√5/2)(A − B) = 2, म्हणजे A − B = 1/√5. A सुमारे 1.7236, B सुमारे 1.2764. n = 5 घालून ताळा कर: 19.115 वजा 0.115.

भरतकाम: एवढं कशाला, B चं पद सोडूनच द्या. q ची किंमत −0.618, घात वाढले की ते विरून जातं. A·pⁿ काढायचं आणि जवळचा पूर्णांक घ्यायचा. फिबोनाचीत मी कायम हेच करते.

निवृत्त मास्तर: फिबोनाचीत पहिल्यापासून चालतं, कारण तिथे सोडलेला भाग 1/√5 च्या वर जात नाही आणि ते अर्ध्यापेक्षा कमी आहे. इथे n = 1 ला A·p येतं 2.79, जवळचा पूर्णांक 3, खरं पद 2. n = 2 ला 4.51, म्हणजे काठावर पास. तिथून पुढे तुमची युक्ती चालेल.

भरतकाम: एका पदासाठी एवढं! पण बरं.

जुना वाचक: जाता जाता, फिबोनाची म्हणजे लिओनार्डो, त्याचं पुस्तक 1202 चं. त्याआधी हेमचंद्राने हेच आकडे लघु-गुरू मोजताना दिले आहेत. चार मात्रांची ओळ पाच तऱ्हांनी होते, पाच मात्रांची आठ.

तेजीमंदी: म्हणजे 61.8 आपलंच!

वाटाणा: 🙏

टांगलेला: आलं, 19 आलं! मास्तर, ते 3 म्हणजे 5 − 2, माला एक घर मागे नेली की मिळणारं शून्यावं पदच ना? मग पेपरात थेट G(0) = 3 लिहून सुरुवात केली तर?

निवृत्त मास्तर: मी पूर्ण गुण देईन.

वाटाणा: आमच्या बाई कापायच्या. प्रश्नात n ≥ 1 असेल तर शून्यावं पद आणलं कुठून, म्हणून. वजाबाकीच दाखव.

टांगलेला: बरं. अजून एक, G(n) = 4G(n−1) − 4G(n−2) मध्ये मूळ एकच येतंय, 2. मग B कुठे लावायचा?

कोडकिडा: लूप.