पाच-पाच मुलांचे गुण: टी-चाचणी की क्रमांकांवरची?

खडूधारी: दोन गटांच्या गुणांची तुलना करताना वर्गातला डेटा तिसाच्या आत असेल तर सरासऱ्या ताडणारी टी-चाचणी लावूच नका. डोळे झाकून गुणांऐवजी त्यांच्या क्रमांकांवर चालणारी मान-व्हिटनी लावा आणि पी, म्हणजे खरा फरक नसतानाही निदान इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता, लिहून मोकळे व्हा.

मध्यांक: या तिसाच्या नियमाने कितीतरी प्रकल्प अहवाल बिघडतात. तीन-तीन मुलांचे गट घ्या. सहांतून तीन निवडण्याचे मार्ग २०. त्यामुळे एका गटातली तिन्ही मुलं दुसऱ्या गटाच्या वर असली तरी दुतर्फी पी २/२०, म्हणजे ०.१०च्या खाली जातच नाही. नेहमीची ०.०५ची मर्यादा गाठणं शक्यच नाही, निकाल आधीच ठरलेला!

आता पाच-पाच. २० पैकी गुण, शिकवण्याची नवी पद्धत १४, १५, १६, १७, १८. जुनी ९, ११, १२, १३, २०. सरासरी १६ आणि १३. दोन्ही गटांची पसरण सारखी न धरणारी वेल्चची टी १.५, पी साधारण ०.१९.

सरळरेष: तो २० गुणांचा मुलगा बघा ना! त्याच्यामुळे जुन्या गटाचं प्रचरण १७.५, नव्याचं २.५. क्रमांकांत २० असो की १९, फरक शून्य. इथे मान-व्हिटनीच हवी.

मध्यांक: लावा. पी ०.१५ येतो. कुठे बदललं? शिवाय पसरण इतकी वेगळी असताना त्यावरून मध्यकांबद्दल बोलता येत नाही. आधी २० हा आकडा उत्तरपत्रिकेशी ताडून बघा. खरा असेल तर ठेवा.

नवशिकी: माझ्याकडे पाचच मुलं आहेत, आधी आणि नंतरचे गुण. पाचही वाढले. मान-व्हिटनी लावली तर चालेल?

मध्यांक: नाही, मुलं तीच आहेत. प्रत्येकाचा फरक काढा. त्यावर विल्कॉक्सनची चिन्हांकित क्रमांक चाचणी लावली तरी पाच जोड्यांत पी २/३२, म्हणजे ०.०६२५च्या खाली उतरत नाही. सहा जोड्या असत्या तर ०.०३१ शक्य होता.

खडूधारी: म्हणजे सगळे सुधारले तरी 'फरक नाही' लिहायचं? हा अन्याय आहे.

मध्यांक: 'फरक नाही' कोण म्हणतंय? सरासरी किती गुण वाढले ते आणि पाचही फरक छापा. पण तुलनेला दुसरा गट नाही, तेव्हा वाढ पद्धतीमुळेच झाली असं लिहू नका. नुसता सरावही गुण वाढवतो.

सरळरेष: मूळ उदाहरणात कोहेनचा डी, म्हणजे प्रमाण विचलनांत मोजलेला सरासऱ्यांतला फरक, ०.९५ येतो. तो 'मोठा परिणाम' ना?

मध्यांक: ते लेबल पाच मुलांवर चिकटवू नका. सरळ लिहा: 'नवा गट सरासरी ३ गुणांनी पुढे, ९५% विश्वास अंतराल −२.१ ते ८.१. दोन्ही गटांतलं एकेक मूल घेऊन केलेल्या २५ जोड्यांपैकी २०मध्ये नव्या गटातलं मूल वर.' हे पालकालाही कळतं.

सरळरेष: जोड्यांचं वाक्य मान्य. पण ते क्रमांकांतूनच आलंय, टी-चाचणीतून नाही, हेही लिहा.

खडूधारी: तिसाचा आग्रह सोडतो. पाचांवर सरासरी छापणं मला अजून पटलेलं नाही.