शब्दचर्चा: निर्णय मान्य आहे पण पटलेला नाही, हे कसं लिहावं?

इंदिरानगरची रहिवासी:
आमच्या सोसायटीच्या सभेत रविवारी ठरलं की उन्हाळा संपेपर्यंत गच्चीवरच्या टाकीचं पाणी फक्त सकाळी ६:३० ते ८ सोडायचं, संध्याकाळचं बंद. हात वर करून मतदान झालं, बहुतेकांनी होकार दिला. मी अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाते, सव्वासहालाच घर सोडते. मला निर्णय पटलेला नाही, पण तो मी पाळणार आहे. पुन्हा सगळ्यांना वादात ओढायचं नाही, फक्त माझं मत कुठेतरी राहावं एवढंच. ग्रुपवर टाकायला असं लिहिलं आहे: ‘या निर्णयाला माझी हरकत आहे. सर्वांनी नोंद घ्यावी.’ शब्द बरोबर आहेत का?

पंचवटीकर:
ताई, ‘हरकत’ नको, फार सरकारी वाटतं. ‘नाराजी’ लिहा. ‘मी माझी नाराजी व्यक्त करते’, म्हणजे कुणाला लागणारही नाही.

निवृत्त लेखनिक:
‘हरकत’ नको हे बरोबर, कारण मात्र वेगळं. आपल्याकडे हरकतीपाठोपाठ सुनावणी येते. महापालिका ‘हरकती व सूचना’ मागवते तेव्हा त्या ऐकून घेऊन निकाल देणं अपेक्षित असतं. त्यामुळे ‘माझी हरकत आहे’ म्हटलं की वाचणारा समजतो, निर्णय अजून पक्का नाही, आता उत्तर द्यायला हवं. ‘आक्षेप’ त्याहून जड. आक्षेप कशावर तरी असतो, म्हणजे त्यात काही चुकलंय असं आलं, आणि मग सेक्रेटरी खुलासा करत बसणार.

‘नाराजी’ने तर उलटंच होईल. नाराज माणसाची समजूत काढायची असते. चार शेजारी ‘अहो ताई, मनावर घेऊ नका’ म्हणत येतील आणि पाण्याचा विषय राहील बाजूला.

सातपूरचा वाचक:
मग ‘माझे मतभेद आहेत’?

निवृत्त लेखनिक:
मतभेद दोन माणसांत असतात. ‘माझे मतभेद आहेत’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणाशी? ‘माझं मत वेगळं आहे’ म्हटलं की दुसरा माणूस मध्ये येतच नाही. इतिवृत्तात ‘भिन्न मत’ लिहितात ते यासाठीच.

गंगापूर रोडवरून:
मला वाटतं ताईंना हवे ते शब्द त्यांच्याच प्रश्नात आहेत: पटणं आणि मान्य असणं. मी मराठी शिकवते, आणि ही जोडी मला फार मोलाची वाटते. ‘मी मान्य करते’ असं म्हणता येतं, पण ‘मी पटते’चा अर्थ भलताच होतो. एखादी गोष्ट मला पटते किंवा पटत नाही, ते माझ्या हातात नाही. मान्य करणं माझ्या हातात आहे. म्हणून ‘पटलं नाही’ यात कुणावर ठपका नाही आणि ‘मान्य आहे’ यात माघार नाही.

आता वाक्याची रचना बघा. ‘निर्णय मान्य आहे, पण पटलेला नाही.’ इथे शेवटी न पटणंच उरतं, आणि वाचणारा विचारतो, का नाही पटला? तेच उलटून ‘निर्णय मला पटलेला नसला तरी मान्य आहे’ असं लिहा. ‘तरी’मुळे न पटणं गौण वाक्यात जातं आणि मुख्य वाक्य होतं ‘मान्य आहे’. दार बंद झालं, पण मत लपलं नाही. शेवटी ‘नाही का?’, ‘तुम्हाला काय वाटतं?’ मात्र लावू नका. प्रश्न विचारला की लोक उत्तर देणारच.

सिडकोतला एक:
एवढं मऊ कशाला? फेरमतदान मागा. पाळीवर जाणारे आणखी चार जण निघतील सोसायटीत.

इंदिरानगरची रहिवासी:
दादा, फेरमतदान नकोच आहे मला. पिंप भरायला सासूबाई घरी असतात, माझं अगदीच अडत नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात ‘गेल्या वर्षी सगळ्यांना चाललं होतं’ असं कुणी म्हणू नये.

निवृत्त लेखनिक:
मग ग्रुपपेक्षा इतिवृत्तातला एक शब्द जास्त महत्त्वाचा. ठरावाखाली ‘सर्वानुमते मंजूर’ लिहायची सवय हाताला असते. तसं लिहिलं गेलं तर पुढच्या वर्षी तुमचं मत शोधून सापडणार नाही. सेक्रेटरींना सांगा, ‘बहुमताने मंजूर’ लिहा आणि खाली तुमच्या सदनिकेच्या क्रमांकासह भिन्न मत नोंदवा. मसुदा फिरतो तेव्हाच सांगायचं, पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झाल्यावर नव्हे. आणि आदर्श उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभेचा ठराव बदलणारा किंवा रद्द करणारा ठराव सहा महिने उलटल्याशिवाय आणता येत नाही. म्हणजे आता वाद उकरून तसंही हाती काही लागणार नाही.

सातपूरचा वाचक:
सर्वानुमते आणि एकमताने एकच ना? आमच्याकडे कधी हे लिहितात, कधी ते.

निवृत्त लेखनिक:
व्यवहारात एकच धरतात. मी फरक करायचो. एकमत म्हणजे सगळ्यांचं मत एक. सर्वानुमत म्हणजे सगळ्यांची अनुमती, मनात मत वेगळं असलं तरी. पण हा फरक सगळे पाळतात असं मी म्हणणार नाही.

गंगापूर रोडवरून:
मलाही तो थोडा ताणलेला वाटतो. ‘सर्वानुमते’ वाचून सामान्य माणूस ‘सगळे हो म्हणाले’ एवढंच समजतो.

डोंगरवाटा:
आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये असंच झालं होतं. पावसाळ्यातल्या रविवारी हरिहरला जायचं ठरलं. त्या कातळातल्या उभ्या पायऱ्यांवर पावसात आणि गर्दीत जाणं मला धोक्याचं वाटत होतं. मी ‘पटलेलं नसलं तरी मान्य आहे’ लिहायला हवं होतं का?

गंगापूर रोडवरून:
मुळीच नाही. कुणाच्या जिवाचा प्रश्न असेल तिथे हे वाक्य वापरूच नये. तिथे ‘थांबा, यावर पुन्हा बोलू’ असं सरळ लिहायचं, वाद उघडला तर उघडू द्यायचा. ताईंची गोष्ट गैरसोयीची आहे, धोक्याची नाही.

इंदिरानगरची रहिवासी:
नवा मसुदा: ‘पाण्याच्या वेळेचा निर्णय मला पटलेला नसला तरी मान्य आहे आणि आम्ही तो पाळू. सकाळच्या पाळीला जाणाऱ्यांना ही वेळ गैरसोयीची आहे, एवढं माझं वेगळं मत इतिवृत्तात नोंदवावं. आत्ता फेरचर्चेची मागणी नाही. पुढच्या उन्हाळ्यात वेळ ठरवताना याचा विचार व्हावा.’

निवृत्त लेखनिक:
उत्तम. ‘सर्वांनी नोंद घ्यावी’ काढलंत हे फार बरं केलंत. सूचना फलकावर थकबाकीदारांना लिहितात तसं वाटत होतं. ‘नोंदवावं’ ही विनंती आहे आणि ती एकाच माणसाला, सेक्रेटरींना आहे. बाकीच्यांना काही करावं लागत नाही, म्हणून ते गप्प राहतील.

पंचवटीकर:
‘असहमत’ का नाही सुचवला कुणी? एका शब्दात काम होतं.

गंगापूर रोडवरून:
चालेल, पण मला तो हिंदीच्या वळणाचा वाटतो. आपण ‘सहमत नाही’ म्हणतो. शिवाय ‘मी असहमत आहे’ यात निर्णय पाळणार की नाही ते कळत नाही.

पंचवटीकर:
आता बातम्यांमध्ये सर्रास वापरतात, मराठीच झाला तो.

इंदिरानगरची रहिवासी:
आमच्या मजल्यावर दोन हिंदी भाषक कुटुंबं आहेत, त्यांना ‘असहमत’ लगेच कळेल हे खरं. ‘पटलेला नसला तरी’ त्यांना कळेल का?

सातपूरचा वाचक:
‘हरकत’ राहिलं असतं तर जास्त पंचाईत होती. हिंदीत हरकत म्हणजे चाळा, खोडी. ‘पटणं’ त्यांना नाशकात राहून कळत असेल, पण खात्रीने नाही सांगता येत. खाली हिंदीत एक ओळ द्या.