फोटोमागच्या ओळींवरून गाणं

"जुन्या फोटोमागे चार ओळी आहेत, शेवटी नुसतंच ‘सांग ना –’. शोधून गाणं सापडत नाही."

ते ‘सांग ना –’ बहुधा ध्रुपदाची सुरुवात असणार. अंतरा उतरवून झाला की ध्रुपद पुन्हा कोण लिहीत बसणार, म्हणून पहिले दोन शब्द आणि पुढे रेघ. गाण्यांच्या सूच्या ध्रुपदाच्या पहिल्या शब्दावरून लावलेल्या असतात, त्यामुळे अंतऱ्याची ओळ तिथे मिळत नाही. ‘स’खाली बघा. सापडतील त्यांना चाळणी यमकाची लावा: तुमच्या चौथ्या ओळीचं यमक बहुतेकदा ध्रुपदाशी जुळतं. शब्द ऐकून लिहिलेले असतात, तेव्हा एखाददुसरा फरक चालवून घ्या. फोटोच्या तारखेवर मात्र जाऊ नका, ओळी कुणी कितीतरी वर्षांनीही लिहिलेल्या असू शकतात.