मदत हवी आहे : रफ कट 19 जणांना दाखवला, आता कुठल्या सूचना घ्यायच्या?

कातरवेळ

मंडळी, 102 मिनिटांच्या एका मराठी चित्रपटाचं संकलन माझ्याकडे आहे. शनिवारी पुण्यात एका छोट्या हॉलमध्ये रफ कट 19 जणांना दाखवला. त्यात 8 जण माध्यमं शिकणारी मुलं, उरलेले 11 निर्मात्याच्या सोसायटीतले, साधारण 30 ते 65 वयाचे. युनिटमधलं कोणी नव्हतं. संगीत तात्पुरतं, लायब्ररीतलं लावलंय. शेवटच्या दोन दृश्यांचं डबिंग व्हायचंय, तिथे लोकेशनचाच आवाज आहे.

गोष्ट अशी : रत्नागिरीकडची कलमांची बाग. वडील गेलेत, दोघा भावांना बाग विकायचीय. त्यासाठी बहिणीची हक्कसोडपत्रावर सही लागते आणि ती देत नाही. शेवटी देते, पण तिच्या अटीवर.

फॉर्मवर चार प्रश्न होते : काय आवडलं, काय नाही आवडलं, तुम्ही काय बदलाल, 10 पैकी किती गुण. आलं ते असं :

- 38 ते 52 मिनिटांचा भाग संथ : 11 जण (त्यातली 7 मुलं)
- बहीण खडूस वाटते : 8
- तिने शेवटी सही का केली ते कळलं नाही : 9
- शेवट गोड हवा : 4
- संगीत छान : 12

दिग्दर्शक म्हणतात, त्या 14 मिनिटांतली 6 मिनिटं काढ. निर्माते म्हणतात, बहिणीच्या सासरचा सगळा ट्रॅकच उडव. दहा दिवसांनी नव्या प्रेक्षकांसमोर दुसरा खेळ लावायचाय. सुरुवात कुठून करू?

आकडेमोड

सोपं आहे. निम्म्याहून जास्त लोक एकच गोष्ट सांगत असतील तर ती करा, उरलेलं सोडा. 19 पैकी 11 म्हणजे कौल स्पष्ट आहे. आणि 19 हा आकडाच लहान आहे. पन्नासेक जणांना लिंक पाठवा, सोबत ऑनलाइन फॉर्म. मात्र 11 मधली 7 मुलं आहेत हेही बघा. तुमचा प्रेक्षक 45 वर्षांचा असेल तर त्या मुलांच्या मताला किती वजन द्यायचं ते आधी ठरवा.

जुनी स्टीनबेक

आकडेमोड, मुलांबद्दलचं बरोबर आहे. पण 11 जणांनी ‘इथे कंटाळलो’ एवढंच सांगितलंय, ‘कशामुळे’ ते नाही. प्रेक्षक जागा सहसा बरोबर दाखवतो, उपाय मात्र नेहमी त्याच जागेवर सुचवतो, कारण त्याने पटकथा वाचलेली नसते आणि आपण काय कापलंय हे त्याला ठाऊक नसतं. त्याचं ऐकून 38 ते 52 मध्येच कात्री चालवली तर आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

कातरवेळ, तुमच्या फॉर्ममध्ये मोठी उणीव आहे. गोष्ट समजली का हे तपासणारा एकही प्रश्न नाही. ‘तुम्ही काय बदलाल’ असं विचारलं की माणूस समीक्षक होतो. त्याऐवजी ‘बहिणीने सही का नाकारली?’, ‘बाग कोणाच्या नावावर होती?’ असे दोन-तीन साधे प्रश्न हवे होते, तेही चर्चा सुरू होण्याआधी. एकदा कोणी मोठ्याने बोललं की उरलेल्यांचे फॉर्म त्याच्यासारखे भरले जातात.

अजून वेळ गेलेली नाही. प्रेक्षकांना फोन करा आणि एकच विचारा : बहीण सही का देत नव्हती? उत्तर सुचवू नका, ‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का’ हेही नको. जे बोलतील ते शब्दशः लिहून घ्या. आज-उद्यात करा, आठवड्यानंतर लोक स्वतःच गोष्ट जुळवून सांगतात.

दुसरं, 38 व्या मिनिटाच्या आधीचं कोणतं दृश्य पटकथेपेक्षा बरंच लहान केलंय, त्याची यादी काढा.

पिटातला

नाटकात हे बरं असतं. पहिल्या पाच-सहा प्रयोगांत खोकले ऐकून कळतं कुठे पडतंय. तुमच्याकडे खुर्च्यांचा आवाज कोणी टिपला का?

जुनी स्टीनबेक

पिटातला, सिनेमातही टिपता येतो. समोरच्या कोपऱ्यात एक फोन प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवायचा, त्यांची परवानगी घेऊन. अंधारात चेहरे दिसत नाहीत, पण पडद्याच्या उजेडात हालचाल पुरेशी कळते. खेळ सुरू होताना एक टाळी वाजवायची. नंतर तो व्हिडिओ टाइमलाइनवर वरच्या ट्रॅकला टाकून टाळीवर जुळवायचा आणि लहान करून कोपऱ्यात बसवायचा. एक जण हलला तर काही नाही. चार-पाच जण वीस सेकंदांच्या आत हलले, पाणी प्यायले, घड्याळ बघितलं, की तिथे `M` दाबून मार्कर. फॉर्मवर ‘मधला भाग’ असं मोघम लिहिलेलं असतं, यात नेमकं मिनिट सापडतं.

आणि म्हणूनच लिंकचा उपयोग कमी. घरी माणूस थांबवतो, कुकर बंद करून येतो, पुन्हा सुरू करतो. 14 संथ मिनिटं सलग सोसायला लागणं हीच तर चाचणी आहे.

निळी शाई

थोडं विषयांतर. आमचा 40 मिनिटांचा माहितीपट आहे. ज्यांच्यावर तो आहे त्याच माणसांना रफ कट दाखवला तर ती चाचणी धरायची का?

जुनी स्टीनबेक

दाखवा जरूर, पण वेगळ्या दिवशी. ते चुकीची माहिती आणि ‘हे दाखवू नका’ हे सांगतील, ते ऐकावंच लागतं. गती आणि समज त्यांच्याकडून तपासता येत नाही, त्यांना सगळं आधीच माहीत असतं.

ध्वनीवेडा

कातरवेळ, ‘संथ’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना संवाद नीट ऐकू आले, ते विचारलंत का? लोकेशनच्या आवाजात वाऱ्याची घरघर असली की प्रेक्षक कान ताणून बसतो, पाचव्या मिनिटाला थकतो आणि फॉर्मवर लिहितो ‘संथ’. कधी ‘अभिनय कच्चा’ असंही लिहितो. निदान संवादांची पातळी एकसारखी करून दाखवत जा.

12 जणांना आवडलेलं संगीत तर धरूच नका. ते राहणार नाहीये. उलट त्याच्या जिवावर कुठलं दृश्य तरलंय ते संगीत बंद करून बघा.

कातरवेळ

फोन केले. 14 जण लागले. 5 जणांनी बरोबर कारण सांगितलं. 9 जण म्हणाले, ‘तिला जास्त वाटा हवा होता’ किंवा ‘भावांवर जुना राग असेल’. या 9 पैकी 7 जणांनी फॉर्मवर ‘संथ’ लिहिलं होतं!

खरं कारण असं : वडिलांच्या आजारपणात बागेवरचं विकास सोसायटीचं कर्ज तिने दागिने मोडून फेडलं. हे कळतं 17 व्या मिनिटाला, तलाठी कार्यालयात. तलाठी सातबारा बघून म्हणतो, ‘बोजा उतरलाय की’, आणि धाकटा भाऊ खाली बघत म्हणतो, ‘ताईने भरले.’ पटकथेत हे दृश्य 2 मिनिटं 40 सेकंदांचं होतं. मी ते 50 सेकंदांवर आणलं. ‘ताईने भरले’ राहिलंय, पण तलाठ्याच्या चेहऱ्यावर, आणि नेमकी मागून एसटी जाते.

जुनी स्टीनबेक

मग तुमची 14 मिनिटं बहुधा संथ नाहीतच. कारण माहीत नसलेला प्रेक्षक एक बाई चार दृश्यांत चार वेळा ‘नाही’ म्हणताना बघतोय. त्याला ते तेच तेच वाटणार, आणि ती खडूसही वाटणार. म्हणजे तुमच्या यादीतल्या दोन तक्रारी मुळात एक असू शकतात. मुलं जास्त कंटाळली त्याचंही कारण इथेच असेल. बोजा, हक्कसोडपत्र हे शब्द विशीतल्या शहरी मुलाने ऐकलेले नसतात. सोसायटीतल्या काकांच्या घरात असा कागद येऊन गेलेला असतो.

आता काम. मीडिया पूलमधल्या टाइमलाइनवर राइट क्लिक करून `Duplicate Timeline`, नाव `RC2`. आधीच्या कटला हात लावू नका. 17 व्या मिनिटाला धाकट्याचा शॉट परत आणा, वाक्य त्याच्या तोंडावर येऊ द्या. सातबाऱ्याचा जवळून शॉट असेल तर तीन सेकंद लावा. वाक्य कलाकाराकडून फोनवर रेकॉर्ड करून मागवा, चाचणीपुरतं चालतं. पुढची 14 मिनिटं जशीच्या तशी ठेवा. दोन्हीकडे बदल केलात तर कशाने फरक पडला हे कळणार नाही.

‘खडूस’बद्दल दिग्दर्शकांना एक विचारा : 52 व्या मिनिटापर्यंत ती खडूस वाटायला हवी आहे का? हवी असेल तर ती तक्रार नाहीच. खरं तर कोणत्या पाच-सहा ठिकाणी प्रेक्षकाला काय वाटायला हवं, हे खेळाआधी कागदावर लिहून ठेवायचं असतं. नंतर विचारलं की सगळेच म्हणतात, ‘तेच तर हवं होतं’.

शेवट गोड हवा म्हणणारे 4 सध्या बाजूला ठेवा. ती आवड आहे.

आकडेमोड

बाकी पटलं, पण 4 जण असे सहज बाजूला ठेवायचे? 19 मधले 4 म्हणजे पाचातला एक. तिकीट काढणारा तोच आहे.

जुनी स्टीनबेक

फॉर्मवर ‘तिने सही का केली ते कळलं नाही’ म्हणणारे 9 आहेत. त्या 4 मधले किती जण या 9 मध्येही आहेत ते बघा. न कळलेला शेवट आवडत नाही, यात नवल नाही. कळूनही गोड हवा म्हणणारे उरले, तर तो प्रश्न दिग्दर्शक आणि निर्मात्यांचा, संकलकाचा नाही.

कातरवेळ

दुसरा खेळ झाला. तोच हॉल, 10 नवे प्रेक्षक, 4 मुलं आणि 6 मोठे. तलाठ्याचं दृश्य 1 मिनिट 20 सेकंदांचं केलं, पुढचं काहीच हलवलं नाही. फॉर्म चर्चेआधी भरून घेतले, फोन समोर लावला होता.

सही का नाकारली : 8 जणांचं उत्तर बरोबर. खडूस : 2. संथ : 3, आणि तिघांचंही बोट 46 ते 49 मिनिटांवर, गच्चीवरच्या दृश्यावर. व्हिडिओतही लोक तिथेच हलताना दिसतात. सहा मिनिटं कापायची गरज नाही हे दिग्दर्शकांना पटलंय. गच्चीवरचा साधारण दीड मिनिटाचा भाग काढून बघतोय. त्यात दोघं तेच बोलतात जे तलाठ्याकडे आता कळलेलं आहे.

शेवट मात्र अडकलाय. 10 पैकी 4 जणांना अजून कळत नाही ती सही का करते. पहिल्या खेळातही गोड शेवट मागणाऱ्या 4 पैकी 3 न कळलेल्यांतलेच निघाले.

ध्वनीवेडा

ती अट कुठे सांगते? डबिंग राहिलेल्या दोन दृश्यांतच ना?

कातरवेळ

हो, विहिरीपाशी, पाठमोरी. या वेळी खाली मजकूर टाकला होता, तरी हे 4.

ध्वनीवेडा

खाली मजकूर आला की डोळे तिथे जातात, ती काय करतेय ते निसटतं. तात्पुरतं डबिंग करून, मजकूर काढून पुन्हा दाखवा.

जुनी स्टीनबेक

मला आवाजापेक्षा ‘पाठमोरी’ खटकतंय. अट घालताना तिचा चेहरा दिसणारा टेक आहे का?

कातरवेळ

एक आहे. फोकस थोडा सुटलाय. दिग्दर्शकांना तो अजिबात नकोय. डबिंग आधी करून बघतो आणि नवे आठ-दहा जण शोधतो, पुण्यात कोणाचे ओळखीचे असतील तर व्यनि करा. चित्रपटवाले नकोत.