मदत हवी आहे: डावा हात वर जात नाही, हा संधिवातच का?

शुभदा_मालवण
चार महिने झाले. आधी डावा खांदा नुसता दुखायचा, आता दुखतो आणि अडकतोही. अंबाडा घालता येत नाही, दोरीवर कपडे टाकायला मुलीला हाक मारावी लागते. त्या कुशीवर वळले की रात्री जाग येते. सगळे म्हणतात संधिवात. एक्स-रे काढला, तर त्यात काहीच नाही म्हणे. पैसे फुकट गेले. मग दुखतंय कशाने? लवकर सांगा, चतुर्थीला माटवी बांधायची आहे.

काजूवाला
संधिवातच. माझ्या आईचे गुडघे असेच धरायचे. निगडीचा पाला गरम करून शेका, आंबट बंद करा.

गौरी_फिजिओ
ताई, वय किती? शुगर, थायरॉइड आहे का? पडला होतात का? बोटं, मनगटं सुजतात का?

शुभदा_मालवण
वय 52. शुगर नऊ वर्षं आहे, पण विचारतेय खांद्याचं! थायरॉइड कधी तपासलं नाही. पडले नाही. बोटं ठीक आहेत.

गौरी_फिजिओ
शुगर हीच महत्त्वाची गोष्ट राहिली होती. मधुमेह असलेल्यांना फ्रोजन शोल्डर इतरांपेक्षा बराच जास्त होतो आणि रेंगाळतोही. सांध्याभोवतीची पिशवी सुजते, मग जाड होऊन आकसते. थायरॉइडही एकदा बघून घ्या.
घरी एक करून बघा. ताठ उभ्या राहा, कोपर कमरेला चिकटवून काटकोनात दुमडा, पंजा समोर. आता तुम्ही हात सैल सोडा आणि घरच्या कुणीतरी मनगट धरून तो हळूच बाहेरच्या बाजूला वळवावा. कोपर कमरेपासून सुटू देऊ नका. आधी उजवा, मग डावा.

शुभदा_मालवण
यजमानांनी केलं. समोर घड्याळातले बारा धरले तर उजवा दोनपर्यंत गेला. डावा साडेअकरालाच थांबला, पुढे कळ आली. ते म्हणाले, दार आतून कडी लावल्यासारखं अडतंय.

बापू_दापोली
म्हणजे फ्रोजनच. मला झाला होता. भिंतीवर बोटं चढवायची, दुखलं तरी जोर लावायचा, त्याशिवाय सुटत नाही. आणि शुगरवाल्यांनी खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन अजिबात घ्यायचं नाही.

गौरी_फिजिओ
बापू, भिंतीचा व्यायाम बरोबर, पण वेळ चुकीची. रात्री झोपमोड होतेय तोवर जोर लावला तर सूज वाढते. व्यायामानंतर दुखणं तासाभरात ओसरलं तर ठीक, रात्रभर राहिलं तर जास्त झालं समजा. सध्या टेबलावर उजवा हात टेकून वाका आणि डावा सैल लोंबता ठेवून लहान गोल फिरवा. दिवसातून तीन-चार वेळा, थोडा थोडा.
शुभदाताई, स्नायूची शीर तुटली असती तर तुम्हाला हात उचलता आला नसता, पण दुसऱ्याने उचलला तर बहुधा गेला असता. तुमचा दुसऱ्यानेही जात नाही. खांदा झिजला तरी असाच अडतो, म्हणून नुसत्या हालचालीवरून ठरत नाही. तिथे एक्स-रे कामाला येतो. झिजेत हाडांमधली फट कमी झालेली, कडेला हाड वाढलेलं दिसतं. फ्रोजनमध्ये तो बहुतेक स्वच्छ येतो. तुमचे पैसे फुकट गेले नाहीत. सांधे सुजवणारा संधिवात असता तर सहसा बोटांचे सांधेही सकाळी धरले असते.

बापू_दापोली
आणि इंजेक्शन? माझी साखर आठवडाभर चढलेली होती.

गौरी_फिजिओ
चढते, काही दिवस. म्हणून आधी साखर आटोक्यात आणायची आणि नंतर रोज मोजायची. पण दुखण्याच्या काळात त्याने आराम पडतो, व्यायाम करता येतो. सगळ्यांना नकोच, असं नाही. तीन महिन्यांची साखर किती आहे?

शुभदा_मालवण
9.2.

गौरी_फिजिओ
मग आधी शुगरच्या डॉक्टरांना विचारा. रोजच्या वेदनाशामक गोळ्यांबद्दलही विचारा, मूत्रपिंडावर ताण येतो.

सुरंगी
डावा खांदा आहे म्हणून विचारते, घाटी चढताना, भरभर चालताना दुखतो का? माझ्या काकांचं खांद्याचं दुखणं हृदयाचं निघालं.

शुभदा_मालवण
नाही, चालताना काही नाही. हात हलवला की आणि रात्री.

काजूवाला
माझ्या आईला निगडीनेच उतार पडला, गुडघे असले तरी.

गौरी_फिजिओ
काजूवाला, शेकाने बरं वाटतं, शेका. फक्त पाला फार गरम नको, साखरेमुळे चटका कळायला उशीर होऊ शकतो.

शुभदा_मालवण
चतुर्थीपर्यंत सुटेल का, ते कुणी सांगितलंच नाही.

गौरी_फिजिओ
नाही सुटणार, ताई. दुखणं आधी कमी होईल, अडकणं बरेच महिने राहील. एक ते तीन वर्षं लागतात, काहींना थोडी अडचण कायम राहते. साखर उतरली की खांदा लवकर सुटतो का, ते मी खात्रीने सांगू शकत नाही. माटवी यजमानांना बांधू दे.

बापू_दापोली
मला उजवा सुटल्यावर दीड वर्षाने डावा धरला. उजव्याकडेही लक्ष ठेवा.

शुभदा_मालवण
सोमवारी कुडाळला जातेय. फिल्म आणि साखरेचा कागद दोन्ही नेते.