तंबाखू सोडल्यापासून पोट साफ होत नाही: काय करावे?

सांगलीकर_४६:
बरीच वर्षे पहाटे उठल्याबरोबर चुना लावून मळलेली तंबाखूची चिमूट ओठाखाली ठेवायची आणि मग संडासला जायचे, असा माझा क्रम होता. डॉक्टरांनी तलफ कमी करणारी बुप्रोपिऑनची गोळी सुरू करून आठवडाभरानंतर तंबाखू सोडायला सांगितले आणि ती सुटलीही; मात्र आता तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही. सकाळी एकच चिमूट घ्यावी, असे सारखे वाटते.

आयुर्वेदप्रेमी:
शरीरातील विष बाहेर पडत असल्याने असे होते. रोज रात्री एरंडेल घ्या आणि भरपूर पाणी प्या.

सुनंदा_क:
माझ्या सासूबाईंचेही असेच आहे, मिश्री लावल्याशिवाय त्यांना जायलाच होत नाही. त्यांना मिश्री कशी सोडवावी?

समुपदेशक_व्यसनमुक्ती:
सासूबाईंसाठी वेगळा धागा काढावा, पण कारण एकच आहे. निकोटीन आतड्याच्या भिंतीतील मज्जातंतूंना डिवचते आणि मोठे आतडे जोराने आकुंचन पावते; रोज ठरावीक वेळी हा धक्का मिळत राहिला की आतडे त्याच्याच भरवशावर राहते. तंबाखू सुटली की ते काही आठवडे सुस्तावते. सोडणाऱ्या साधारण सहा जणांपैकी एकाला हा त्रास होतो, म्हणून विष निघते आहे असे मानण्याचे कारण नाही. पाण्याचा सल्ला योग्य आहे, पण एरंडेल रोज घेऊ नये.

सांगलीकर, बुप्रोपिऑननेही बद्धकोष्ठता होते. तंबाखू चालू असतानाच, म्हणजे गोळीच्या पहिल्या आठवड्यात, शौच घट्ट झाले असेल तर गोळीवर संशय घ्यावा. सोडल्यानंतर झाले असेल तर निकोटीन तुटल्याचा संभव अधिक. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

चिमटीच्या जागी कोमट पाणी किंवा चहा आणि थोडा नाश्ता घ्या, कारण पोटात अन्न गेल्यावर आतडे आपोआप हलते. नंतर घाई न करता दहा मिनिटे बसा, कमोड असेल तर पायांखाली पाट घ्या. रात्री दोन चमचे इसबगोल मोठा पेलाभर पाण्यात घेऊन लगेच प्यावे आणि वर आणखी पाणी प्यावे. पाणी कमी पडले तर तेच इसबगोल आत घट्ट होते. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. लोक पहिल्याच सकाळी निराश होऊन सोनामुखीच्या चूर्णाकडे वळतात.

रक्त पडणे, वजन घटणे, किंवा पोट फुगून उलट्या होणे व वायूही न सरणे, यांपैकी काही दिसल्यास मात्र घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांकडे जावे.

सांगलीकर_४६:
आठवून पाहिले. गोळीच्या पहिल्या आठवड्यात थोडे घट्ट होत होते, पण चिमूट घेतली की सुटायचे. म्हणजे दोन्ही कारणे असावीत. निकोटीनचे च्युइंगम घेतले तर पोटही सुटेल का?

समुपदेशक_व्यसनमुक्ती:
त्यातही निकोटीनच असल्याने काहींना फरक पडतो, पण पोटासाठी म्हणून ते सुरू करण्याइतका आधार मला दिसत नाही. शिवाय बुप्रोपिऑनसोबत घेताना रक्तदाब वाढू शकतो, त्यामुळे तो निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यावा.